एसएमई आयपीओत अडीच लाख गुंतवावेत का?

प्रश्न : मी नागपूरला खासगी नोकरीत आहे. बुटीबोरीतील एका कारखान्याचा एसएमई आयपीओ येतो आहे. किंमत १०८ रुपये असून किमान अर्ज २,४०० शेअरचा आहे. मुदत ठेव मोडून अर्ज करावा, मुलीच्या फीसाठी जूनमध्ये ८५ हजारांचे शेअर विकावेत आणि उरलेले ठेवावेत, असा विचार आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर : फीची रक्कम याच पैशातून द्यायची असेल, तर माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. कंपनी चांगली की वाईट, हा मुद्दा मी येथे घेत नाही. अडचण आहे ती शेअर ज्या मापात विकावे लागतात त्या मापाची.

एसएमई मंचावर, म्हणजे शेअर बाजाराच्या लघु-मध्यम कंपन्यांसाठीच्या विभागात, सूचिबद्धतेनंतरही खरेदी-विक्री लॉटच्या, म्हणजे शेअरच्या ठरलेल्या गठ्ठ्याच्या, पटीतच होते. सेबीने लॉटचा आकार किमतीनुसार ठरवून दिला आहे आणि ९० ते १२० रुपयांच्या टप्प्यात तो १,२०० शेअरचा असतो. लहान गुंतवणूकदाराने या जोखमीत सहज उतरू नये म्हणून २०२५ पासून अर्ज किमान दोन लॉटचा आणि दोन लाखांहून अधिक रकमेचा असावा लागतो. त्यामुळे १०८ रुपयांनी आपले २,५९,२०० रुपये गुंततील. जूनमध्ये भाव १०७ असेल, तर ८५ हजारांसाठी सुमारे ८०० शेअर विकणे पुरेसे ठरेल. पण ती ऑर्डर यंत्रणा स्वीकारणारच नाही. आपल्याला १,२०० विकावे लागतील किंवा एकही नाही. म्हणजे ‘थोडे विकू, थोडे ठेवू’ या योजनेत आपल्या हाती फक्त दोन तुकडे आहेत.

हे १,२०० तरी १०७ रुपयांना जातील का, हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. ॲपमध्ये दिसणारा भाव शेवटच्या व्यवहाराचा असतो आणि तो व्यवहार कदाचित दोन तासांपूर्वी झालेला असतो. समजा, त्या क्षणी सर्वांत वरची खरेदीची बोली १०१.५० रुपयांची आणि सर्वांत खालची विक्रीची मागणी १०८ रुपयांची आहे. तातडीने विकल्यास आपल्याला १,२१,८०० रुपये मिळतील, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या मूल्यापेक्षा ६,६०० रुपये कमी, आणि त्यात दलाली धरलेली नाही.

टिक, म्हणजे भाव ज्या किमान पायरीने बदलू शकतो ती रक्कम, काही पैशांचीच असते. मग साडेसहा रुपयांचे अंतर कसे पडते, असे आपण विचाराल. टिक केवळ दोन बोलींमधले किमान अंतर ठरवते. ते अंतर भरून काढायला खरेदीदार आणि विक्रेते असावे लागतात, आणि सव्वा लाखाच्या पटीतच घेणारे लोक थोडे असतात. मुख्य बाजारातील भरपूर उलाढालीच्या ४२० रुपयांच्या शेअरमध्ये टिक पाच पैशांची असते आणि खरेदी-विक्रीतील अंतर बहुधा एक-दोन टिकांचेच राहते. तेथे आपण नेमके २०३ शेअर विकून फी भरू शकता, आणि दहा पैशांचे अंतर धरले तरी भार वीस रुपयांच्या आसपास पडतो.

एसएमई शेअरमध्ये सूचिबद्धतेनंतर तीन वर्षे मार्केट मेकर असतो हे खरे, आणि त्याला कामकाजाच्या किमान ७५ टक्के वेळ खरेदी व विक्री असे दोन्ही भाव द्यावे लागतात. मात्र कोणत्या भावाने घ्यावे याचे बंधन सैल असते. शिवाय भाव दैनंदिन मर्यादेच्या तळाला अडकला, तर विक्रेत्यांची रांग लागते आणि आपली ऑर्डर तशीच पडून राहते. कारखाना आपल्याच भागातला आहे, तेथील लोक ओळखीचे आहेत, याचा या रांगेत काहीही उपयोग होत नाही.

माझा सल्ला असा की फीचे ८५ हजार मुदत ठेवीतच राहू द्यावेत. त्यानंतरही अडीच लाख वेगळे उरत असतील आणि ते काही वर्षे लागणार नसतील, तरच अर्जाचा विचार करावा. कंपनी पुढे मुख्य बाजारात गेली, तर लॉटची अट संपते आणि एकेक शेअरही विकता येतो. पण ते कधी घडेल, यावर फीची तारीख बेतता येत नाही.

अर्जापूर्वी याच आकाराच्या, वर्षभरापूर्वी सूचिबद्ध झालेल्या दोन-तीन एसएमई शेअरची मार्केट डेप्थ, म्हणजे खरेदी-विक्रीच्या बोलींची यादी, ॲपमध्ये चार-पाच दिवस दुपारी पाहावी. पाच ओळींपैकी खरेदीच्या एक-दोनच भरलेल्या असतील आणि प्रत्येकीत एकच लॉट असेल, तर आपला दुसरा लॉट पहिल्याहूनही कमी भावाला जाईल असे धरावे. शेअर मिळाल्यास विक्री नेहमी लिमिट ऑर्डरनेच, म्हणजे किमान भाव स्वतः ठरवून, करावी. मार्केट ऑर्डर दिल्यास समोर जी बोली असेल, ती कितीही खाली असली तरी, आपल्याला स्वीकारावी लागेल.