हेडलाइन बदलल्यावर भाच्याला फोन का आले: रिक्रूटरच्या बाजूने

प्रश्न: नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल करून बरेच महिने झाले, फ्रेशर आहे, एकही फोन नाही. मित्र म्हणतो फक्त हेडलाइन बदल, त्याला लगेच कॉल आले. एवढ्या एका ओळीने खरंच फरक पडतो का?

पडतो. पण तुमचा मित्र समजतो त्या कारणाने नाही, निदान फक्त त्या कारणाने नाही. मी पुण्यात एका कन्सल्टन्सीत आयटीची भरती बघते. दिवसाचा बराच वेळ रेझडेक्सवर जातो. रेझडेक्स म्हणजे नोकरी डॉट कॉमची रिक्रूटरकडची बाजू. उमेदवाराला ती कधीच दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल एवढ्या दंतकथा आहेत. माझ्या भाच्याची गोष्ट सांगते, कारण त्याच्या बाबतीत ही सगळी गुंतवळ एकेक धागा करून सोडवता आली.

तो कराडचा. बीई कॉम्प्युटर, २०२४ ची बॅच. पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहून त्याने जावाचा कोर्स केला. प्रोजेक्ट बरा होता, स्प्रिंग बूटमध्ये लायब्ररीची छोटी सिस्टिम. प्रोफाइलवरची हेडलाइन मात्र अशी:

```
Hardworking and dedicated fresher seeking a challenging position in a reputed organization
```

कितीतरी दिवस फोन नाही. मग रूममेटच्या सांगण्यावरून त्याने तेवढी एक ओळ बदलली:

```
Java Developer Fresher | BE Computer 2024 | Core Java, Spring Boot, MySQL | Pune | Immediate Joiner
```

दुसऱ्याच दिवशी सकाळपासून फोन वाजायला लागला. शनिवारी स्वारी माझ्याकडे जेवायला आली ती थाटातच. "मावशी, तुम्ही लोक फक्त हेडलाइन वाचता ना?"

मी त्याला विचारलं, फोन कसले आले? तेव्हा जरा पडला चेहरा. दोन विमा विकायच्या कामाचे, एक बँकेच्या क्रेडिट कार्डाचा, एक कॉल सेंटरचा, आणि एक, फक्त एक, हिंजवडीतल्या कंपनीसाठी जावा ट्रेनीचा. आता बघा, विमावाल्याला स्प्रिंग बूटशी काय देणंघेणं? त्याने हेडलाइन वाचून फोन केलेलाच नाही. मग त्याला हा मुलगा सापडला कसा?

जेवण झाल्यावर मी लॅपटॉप काढला. बाकीच्यांचे सीव्ही त्याला दाखवणं बरोबर नव्हतं, म्हणून स्क्रीन माझ्याकडे ठेवली आणि मी काय करते ते मोठ्याने सांगत गेले.

आमच्याकडे काम येतं ते असं: ज्युनिअर जावा डेव्हलपर, पुणे, अनुभव शून्य ते एक वर्ष, पासिंग इयर २०२४, लगेच जॉइन होणारा. मी कीवर्डच्या चौकटीत साधारण हे टाकते:

```
java AND ("spring boot" OR springboot) AND mysql
```

मग अनुभव, शहर, पदवी आणि वर्ष निवडायचं. हे केलं तरी यादी लांबच लांब येते. इतके सीव्ही कोणी वाचत नाही, आणि बहुतेक प्लॅनमध्ये किती सीव्ही उघडायचे यालाही मर्यादा असते. म्हणून आम्ही यादी कापतो, आणि खरी गंमत या कापण्यातच आहे. उमेदवाराला वाटतं त्याला कोणीतरी वाचून नाकारलं. प्रत्यक्षात तो कोणाच्या डोळ्यांसमोर आलेलाच नसतो.

पहिली कात्री ताजेपणाची. उमेदवार शेवटचा कधी सक्रिय होता यावर गाळणी लावता येते: कालचे, आठवड्यातले, पंधरा दिवसांतले, महिन्यातले. मला सोमवारी तीन मुलं इंटरव्ह्यूला पाठवायची असतील तर मी आठवड्याच्या आतलेच बघते. तीन महिन्यांपूर्वी लॉगिन केलेल्याला फोन लावला की बहुतेक वेळा ऐकायला मिळतं, "मॅडम, मी जॉइन झालो." भाच्याने नवी हेडलाइन सेव्ह केली त्या क्षणी त्याची तारीख ताजी झाली आणि तो या गाळणीतून आत आला. विमावाल्याला आणि क्रेडिट कार्डवाल्याला तो बहुतेक इथेच सापडला. ते कौशल्य बघतच नाहीत. शून्य अनुभव, कालपरवा सक्रिय, एवढंच लावायचं आणि वरपासून फोन फिरवत सुटायचं. त्याने हेडलाइनऐवजी घरचा पत्ता दुरुस्त केला असता तरी हे फोन आलेच असते. (नोंदणीचे पैसे भरा म्हणणारे भामटेही याच वाटेने येतात. पैसे मागितले की फोन ठेवायचा.)

दुसरी कात्री शब्द कुठे शोधायचा याची. आख्ख्या सीव्हीत शोधता येतं, किंवा फक्त हेडलाइन आणि की स्किल्समध्ये. आख्ख्या सीव्हीत शोधलं की जावा हा शब्द कॉलेजच्या विषयांच्या यादीत असलेला मुलगाही येतो, मेकॅनिकलचासुद्धा. म्हणून यादी फार लांब झाली की मी दुसरा पर्याय लावते. भाच्याची मेख इथे होती. जावा आणि स्प्रिंग बूट त्याच्या पीडीएफमध्ये होतं, प्रोजेक्टच्या परिच्छेदात. की स्किल्समध्ये त्याने भरलं होतं कम्युनिकेशन, टीमवर्क, लीडरशिप आणि एमएस ऑफिस. म्हणजे रुंद शोधात तो कुठेतरी तळाशी असायचा आणि अरुंद शोधात नसायचाच. नव्या हेडलाइनमुळे तो अरुंद शोधातही दिसायला लागला. हिंजवडीचा फोन बहुधा त्यामुळेच.

तो म्हणाला, "पण हार्डवर्किंग लिहिलेलं वाईट दिसतं का?" वाईट काही दिसत नाही. पण मी आजवर कधी त्या चौकटीत हार्डवर्किंग टाइप केलेलं नाही, आणि करणारा रिक्रूटर मला भेटलेला नाही. हेडलाइनला २५० अक्षरांची जागा आहे. त्यातली नव्वद अशा शब्दांवर गेली की जे शब्द आम्ही टाइप करतो ते येणार कुठून?

तिसरी गोष्ट हेडलाइनच्या बाहेरची, आणि ती त्याला सुचलीच नव्हती. प्रोफाइलवर सध्याचं शहर अजून कराड होतं. हेडलाइनमध्ये त्याने पुणे लिहिलं खरं, पण शहराची गाळणी शहराच्या रकान्यावर चालते, हेडलाइनमधल्या मजकुरावर नाही. मी पुणे निवडलं तर तो बाहेर. स्थलांतराला तयार असलेलेही दाखव असं सांगता येतं, पण घाईच्या कामाला मी ते सांगत नाही. ज्याला अजून खोली शोधायची आहे त्याला सोमवारी बोलावून उपयोग नसतो. हा तर कर्वेनगरला राहत होता! त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर शहर बदललं, लीडरशिप वगैरे काढून की स्किल्समध्ये जावा, स्प्रिंग बूट, मायएसक्यूएल, हायबरनेट, गिट भरलं.

हायबरनेट मी काढायला लावलं. त्याला त्यातलं पहिल्या दोन प्रश्नांपलीकडे काही येत नव्हतं. शिवाय शब्द वाढवत नेले की उलटाही फटका बसतो. शोधात नको असलेले शब्द टाकायचीही चौकट असते. डेव्हलपर शोधताना मी कधीकधी तिथे मॅन्युअल टेस्टिंग आणि बीपीओ टाकते, म्हणजे त्या वाटेने जाणारे आपोआप गळतात. सगळीकडे हात मारून बघू म्हणून जो जावा, पायथन, टेस्टिंग, डेटा ॲनालिस्ट, बीपीओ असं सगळं एका ओळीत कोंबतो, तो स्वतःच्याच शब्दाने त्या यादीतून जातो. त्याला जावा येत असेलही, पण आम्हाला कळणार कसं?

पुढे काय झालं ते तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. गणपतीत तो कराडला गेला, दसऱ्यापर्यंत तिकडेच राहिला आणि साइट उघडलीच नाही. फोन आटले. हेडलाइन तीच, स्किल्स तीच. परत आल्यावर त्याने लॉगिन करून प्रोजेक्टच्या वर्णनात एक वाक्य वाढवलं, आणि फोन पुन्हा सुरू झाले. विमावाले होतेच, पण आता जावाचे फोन जास्त होते. म्हणजे तारीख ठरवते फोन येणार की नाही, आणि हेडलाइन, स्किल्स, शहर ठरवतात कोणाचा येणार. तुमच्या मित्राने एका झटक्यात दोन्ही बदललं आणि श्रेय एकालाच दिलं.

तुमचं कुठे अडलंय हे फोनच्या जातीवरून ओळखता येतं. काहीच फोन येत नसतील तर आधी ताजेपणा आणि शहर बघा. फोन येतात पण भलत्याच कामाचे, तर हेडलाइन आणि स्किल्स. योग्य कामाचा फोन येतो आणि दोन मिनिटांत "कळवतो" म्हणून ठेवतात, तर हा सगळा शोधाचा भाग तुम्ही पार केलाय. मग हेडलाइनशी खेळत बसू नका, प्रोजेक्ट तोंडी समजावून सांगायची तयारी करा.

आणखी एक तपासणी, पाच मिनिटांची. आपला सीव्हीचा पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच आलं नाही तर तो सीव्ही म्हणजे चित्र आहे, त्यातले शब्द शोधात सापडण्याची खात्री नाही. दोन रकान्यांच्या सुंदर डिझाइनमध्ये ओळी एकमेकींत घुसलेल्या दिसतात, ते पण टाळा. साधा एका रकान्याचा सीव्ही दिसायला गरीब असतो, पण वाचला जातो.

लिंक्डइनवर हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात. तिथेही रिक्रूटर पदाचं नाव, कौशल्य आणि ठिकाण यांवरच शोधतात, त्यामुळे नुसतं अमुक कॉलेजचा विद्यार्थी असं राहू देऊ नका. मात्र मोठ्या कंपन्यांची फ्रेशर भरती बरीचशी या वाटेने होतच नाही. कॅम्पस, टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या परीक्षा आणि कंपनीची स्वतःची पोर्टल्स, तिथे तुमची हेडलाइन कोणी बघत नाही. ती कामाला येते छोट्या-मध्यम कंपन्यांसाठी आणि आमच्यासारख्या कन्सल्टन्सींसाठी. भाचा शेवटी लागला तो बाणेरमधल्या अशाच एका छोट्या कंपनीत, दुसऱ्या एका कन्सल्टन्सीकडून. माझ्याकडे त्या आठवड्यात जावाचं कामच नव्हतं.