क्लायंटला ॲनिमेशनचा मेल

राजवाड्याजवळच्या नमकीनवाल्या काकांना ईझिंग वगैरे समजावत बसू नकोस, गिऱ्हाइकाचा वेळ मोजून दाखव. त्यांच्या ऑर्डरच्या ॲपमध्ये त्यांना हवं असलेलं स्क्रीनचं ८०० मिलिसेकंदांचं सरकणं पहिल्यांदा बघताना छानच वाटतं, अडचण तिथेच आहे. मेल एवढाच ठेव:

"नमस्कार काका,
शेव निवडण्यापासून पैसे भरेपर्यंत पाच वेळा स्क्रीन बदलते. दर वेळी ८०० मिलिसेकंद धरले तर गिऱ्हाईक चार सेकंद नुसतं थांबतं; २५० धरले तर सव्वा सेकंद. म्हणून सगळ्या स्क्रीनना २५० आणि बटणांना १५० मिलिसेकंद ठेवू या. सोबत दोन नमुने आहेत, दोन्हींवर सलग पाच ऑर्डरी देऊन बघा."

'सलग पाच' हे शब्द गाळू नकोस. एकदाच बघितलं तर संथ नमुनाच आवडेल.

कार्टची स्क्रीन झटकन आणि पैसे भरायची रेंगाळत उघडली, की ॲप अडकलं असं वाटून माणूस बटण पुन्हा दाबतो. काकांना हा प्रकार फोनवर करून दाखव, मेलमध्ये कोंबू नकोस. तरीही हट्ट धरला तर ॲप उघडतानाचा लोगो थोडा सावकाश येऊ दे, पण ऑर्डरच्या वाटेत नाही.