ट्रिपचा हिशोब ग्रुपवर कसा टाकायचा?

प्रश्न: आम्ही नाशिकला फ्लॅटवर राहणारे पाच जण भंडारदऱ्याला दोन रात्री जाऊन आलो. एकूण १९,८०० गेले, त्यातले १२,६०० मीच भरलेत. एक जण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बाइकवर आला, आणि बिअर तिघांनीच घेतली. सरळ पाचने भागू का? आणि मेसेज कसा टाकू म्हणजे कुणाला राग येणार नाही?

उत्तर: पाचने भागू नका. तसं केलं तर प्रत्येकी ३,९६० येतात आणि जो उशिरा आला तो न बसलेल्या गाडीचे आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे देतो. तो तोंडावर काही बोलणार नाही, पण पुढच्या ट्रिपला "बघू रे" म्हणेल. आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर हिशोब कायम माझ्याकडेच असतो आणि माझा नियम एकच आहे, एकूण रक्कम भागायचीच नाही, प्रत्येक खर्च घ्यायचा आणि तो ज्यांनी वापरला त्यांच्यातच भागायचा.

तुम्ही सगळे आकडे दिले नाहीत म्हणून मी धरतो. रूम ८,००० आणि जेवण ४,६०० तुम्ही भरले, गाडी, डिझेल, टोल मिळून ६,००० सागरने, बिअर १,२०० ओंकारने. निखिल आणि उशिरा आलेला प्रसाद, यांनी काहीच भरलं नाही.

आता खरा वाद रूमवर होतो. प्रसाद म्हणेल मी एकच रात्र झोपलो. इथे बघायचं की बुकिंग झालं तेव्हा तो हो म्हणाला होता का. हो म्हणाला असेल तर त्याच्यासाठी जागा धरून पैसे गेलेत, त्यामुळे दोन्ही रात्रींचे पाच वाटे, प्रत्येकी १,६००. आधीच सांगितलं असेल की मी दुसऱ्या दिवशी येतो, तर पहिली रात्र चौघांत भागा. मी पहिलं धरतो. गाडी मात्र चौघांचीच, १,५०० प्रत्येकी, कारण प्रसादने बाइकमध्ये स्वतःचं पेट्रोल टाकलंय. पहिल्या दिवसाचं जेवण १,६०० चौघांत, म्हणजे ४००, नंतरचं ३,००० पाच जणांत, ६००. बिअर ओंकार, निखिल आणि प्रसाद या तिघांनी घेतली असं धरतो, प्रत्येकी ४००.

म्हणजे तुमचा आणि सागरचा वाटा ४,१००, ओंकार-निखिलचा ४,५००, प्रसादचा २,६००. बेरीज १९,८०० यायलाच हवी, नाही आली तर मेसेज टाकूच नका, आधी चूक शोधा. आणि सागरला फास्टॅगच्या अॅपमध्ये एकदा बघायला लावा, घोटीकडून जाताना-येताना टोल आपोआप कटतो त्यामुळे तो हमखास सांगायचा राहतो आणि मग चार दिवसांनी आठवला की सगळं परत मांडावं लागतं.

मग वाट्यातून भरलेले वजा करायचे आणि फक्त राहिलेला आकडा मेसेजमध्ये टाकायचा:

"मंडळी, भंडारदऱ्याचा हिशोब. एकूण १९,८००. रूम आणि नंतरचं जेवण पाच जणांत, गाडी आणि पहिल्या दिवसाचं जेवण प्रसाद सोडून चौघांत, बिअर ओंकार-निखिल-प्रसादमध्ये.
निखिल: मला ४,५००
ओंकार: मला ३,३००
प्रसाद: सागरला १,९००, मला ७००
बिलांचे फोटो खाली टाकलेत. काही चुकलं वाटलं तर शुक्रवारी रात्रीपर्यंत इथेच सांगा, त्यानंतर आकडा बदलणार नाही. पैसे रविवार ७ तारखेपर्यंत टाका, १० ला माझं क्रेडिट कार्डचं बिल आहे. टाकल्यावर इथे 'झालं' लिहा."

पाच जणांचा हिशोब चार व्यवहारांत मिटला बघा, कुणी कुणाला दिलेले परत फिरवत बसायची गरज नाही. सागरचे पैसे प्रसादकडून थेट वळवले कारण आधी सगळं तुमच्याकडे आणि मग तुमच्याकडून त्याला, असं केलं तर एकाने उशीर केला की सागरही अडकतो. क्यूआरचा फोटो मेसेजच्या खालीच टाका, तुमचा आणि सागरचा दोन्ही, नाहीतर "नंबर पाठव ना" मध्येच दोन दिवस जातात.

"जमेल तसं द्या" असं अजिबात लिहू नका. तारीख लिहा आणि कारणही लिहा, कारण दिसलं की ते उगाच मागे लागल्यासारखं वाटत नाही. ७ तारीख मी मुद्दाम घेतली, तोवर बहुतेकांचे पगार झालेले असतात, तुमच्या फ्लॅटवर कुणाचा १० ला होत असेल तर कार्डाचं बिल बघून तारीख ठरवा. आक्षेपाची मुदत वेगळी ठेवायचीच, नाहीतर पैसे मागितल्यावर रविवारीच कुणाला तरी आठवतं की मी दुपारी जेवलोच नव्हतो.

रविवार उलटला आणि एखाद्याचे आले नाहीत तर ग्रुपवर नाव घेऊन विचारू नका, फ्लॅटवर राहणाऱ्यांत ते लगेच लागतं. सोमवारी त्याला एकट्याला लिहा, "निखिल, ४,५०० राहिलेत, आज जमतील का? नाही तर २,००० आज टाक आणि बाकीचे कधी ते सांग." तो जी तारीख देईल ती त्याच चॅटमध्ये लिहून घ्या, पण सागरला मिळायचे आहेत ते पैसे राहिले असतील तर सागरलाही ती कळवा.