बोअरचा पंप सेट ओडूमध्ये किट करावा की असेंब्ली?

प्रश्न: "निपाणीला आमचं पंपांचं दुकान आहे. बोअरचा पूर्ण सेट एका नावानं विकतो, पण माल सुटा जातो. ओडूमध्ये किट करू की आधी सेट बनवून स्टॉकला घेऊ?"

किट करा. सेट कधी एकत्र बांधून रॅकवर ठेवता का, एवढंच बघायचं. ठेवत असाल तर `Manufacture this product`, म्हणजे सेट बांधला की सुटा माल कमी आणि सेट जमा. तुमच्याकडं पंप एका कोपऱ्यात आणि केबल दुसरीकडं असणार, तेव्हा `BoM Type` मध्ये `Kit`. ऑर्डरवर एकच ओळ राहते, गोदामातल्या पोराच्या चिठ्ठीवर मात्र पंप, पॅनेल, केबल सुटं सुटं येतं.

किटला स्वतःचा स्टॉक नसतो. सुट्या मालावरून किती सेट होतात ते ओडू मोजतं, आणि सगळ्यात कमी पडणारी वस्तू आकडा ठरवते. बेळगावात आमच्याकडं नेमकी इथंच फजिती झाली. एका सेटला १०० मीटर केबल. स्टॉकला पंप १२, पॅनेल ९, केबल ४३० मीटर. स्क्रीनवर ४ सेट. पोरानं हुक्केरीच्या गिऱ्हाइकाला चौथ्या सेटचा शब्द दिला आणि संध्याकाळी बघतो तर केबलचा एक रोल ३१० मीटरचा, बाकी ७० आणि ५० चे तुकडे. बोअरमध्ये जोड दिलेली केबल कोण सोडून घेणार? सेट तीनच होत होते. ओडूला मीटर कळतात, सलग मीटर कळत नाहीत.

तुकडे गोदामातल्या दुसऱ्या रॅकवर हलवून भागत नाही, बेरीज तीच राहते. आम्ही 'केबल तुकडा' असा वेगळाच आयटम काढला. कापून १०० च्या खाली उरलं की मूळ केबलमधून तेवढे मीटर वजा आणि तुकड्यात जमा. मूळ केबल राहते ३१०, स्क्रीनवर ३ सेट. सुटी केबल मागणाऱ्याला आधी तुकड्यातूनच देतो. रोज संध्याकाळी दहा मिनिटं जातात, आणि कंटाळा केला की आकडा पुन्हा खोटा.

अजून एक. पंप आणि केबल आज गेली, पॅनेल परवा, असं झालं तर ऑर्डरवर `Delivered` शून्यच दिसतं. सगळे भाग गेल्याशिवाय किट पोचलं असं ओडू धरत नाही. बिल `Delivered quantities` वर लावलं असेल तर तोवर त्या सेटचं बिलही निघत नाही. आमचे अकाउंटंट पहिल्यांदा माल चोरीला गेला समजून गोदामात धावत आले होते. पॅनेल नेहमी मागाहून जात असेल तर ते किटमधून काढून ऑर्डरवर वेगळी ओळ घाला.

किट चालू करायच्या आधी त्या नावावर जुना स्टॉक चढवलेला असेल तर तो शून्य करून घ्या. नंतर ओडू किटची संख्या थेट बदलू देत नाही, सुट्या भागांची बदला म्हणून अडवतं.