एका देवळाला दोन मस्तकं?

प्रश्न : अंबरनाथच्या शिवमंदिरावरच्या चित्रफितीचं निवेदन लिहितोय. ‘गोपुर हे देवाचे पाय, सभामंडप पोट, अंतराळ मान, गाभारा मस्तक’ असं लिहिलं, पुढे ‘शिखर म्हणजे मस्तक’ असंही आलं. दोन मस्तकं कशी? आणि गोपुर शब्द इथे चालेल का?

उत्तर : दोन्ही मस्तकं बरोबर आहेत, पण ती एका देहाची नाहीत. तुमचं पहिलं वाक्य आडव्या पुरुषाचं आहे : दाराशी पाय, गाभाऱ्याशी डोकं. दुसरा पुरुष उभा आहे. त्याचा देह पायथ्यापासून वर मोजतात, म्हणून देवळाच्या बाह्य भिंतीच्या मूर्तींनी भरलेल्या पट्ट्याला शिल्पशास्त्रात ‘जंघा’ म्हणतात आणि शिखर हे मस्तक ठरतं. निवेदनात दोघांपैकी एकच घ्या.

अंबरनाथला मी आडवा घेईन. हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखातलं साल इ. स. १०६०. शिखराचा वरचा भाग आज उरलेला नाही, त्यामुळे ‘शिखर म्हणजे मस्तक’ म्हणताना पडद्यावर मस्तकच दिसणार नाही.

गोपुर मात्र काढाच. गोपुर म्हणजे दाक्षिणात्य देवळाच्या आवारभिंतीतलं मनोरा असलेलं प्रवेशद्वार. इथे ते नाही. इथे पुढे येतो तो मुखमंडप. पाय म्हणायचे तर त्यालाच म्हणा.

‘अंतराळ’ शब्द अचूक आहे, सभामंडप आणि गाभारा यांना जोडणारा तो चिंचोळा भाग. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उपग्रह येतील. वाचताना खुलासा सापडतो, ऐकताना शब्द निघून गेलेला असतो. म्हणून आधी अर्थ सांगा, मग नाव.

खरी अडचण गाभाऱ्याची. इथला गाभारा सभामंडपापेक्षा बराच खाली आहे, सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात. कॅमेरा खाली जात असताना ‘आता मस्तक’ म्हटलं तर चित्र आणि शब्द एकमेकांना खोडतात. तिथे देहाची उपमा सोडून शब्दालाच बोलू द्या. गाभारा हा संस्कृत ‘गर्भागार’चा मराठी अवतार, गाभा आणि गाभण त्याच घरचे. उतरण्याला हा अर्थ चपखल बसतो. असं लिहून पाहा :

‘मुखमंडप हे पाय, सभामंडप हे पोट. पुढे वाट अरुंद होते, मानेसारखी. हिला अंतराळ म्हणतात. आता पायऱ्या उतरायच्या. खाली आहे गाभारा, म्हणजे गर्भाची जागा.’

‘खाली आहे’च्या आधी दोन सेकंद आवाज थांबवा, पायऱ्या दिसू द्या.

टंकताना एक जपा. ‘गाभाऱ्यात’मधला ऱ्य ‘दुसऱ्या’तला आहे. तिथे र्य पडला तर निवेदक ‘आचार्य’सारखा जोर देऊन ‘गाभार्यात’ वाचतो, आणि ध्वनिमुद्रण पुन्हा करावं लागतं.