फॅन्टसी अ‍ॅपवर लागलेल्या १० लाखांचं काय करावं?

प्रश्न: २०२५ च्या आयपीएलमध्ये अ‍ॅपवर १० लाख लागले. एप्रिलपासून भरले होते ४० हजार. सगळे काढले तर खात्यात ७ लाख १२ हजारच आले. निपाणीत राहतो, घरी कुणाला सांगितलेलं नाही. मित्र म्हणतो, दुसऱ्या अ‍ॅपवर लाव.

उत्तर: तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. भरलेले ४० हजार वजा जाता राहिले ९ लाख ६० हजार, त्यावर ३० टक्के म्हणजे २ लाख ८८ हजार अ‍ॅपनेच टीडीएस कापला. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का, हे फॉर्म २६एएसमध्ये बघा.

पण कापलेल्या करावर ४ टक्के सेस तुम्हालाच भरायचाय, ११,५२० रुपये. ही रक्कम दहा हजारांच्या वर असल्यानं ती १५ मार्च २०२६ पर्यंत आगाऊ कर म्हणून भरायची असते, उशिरा भरली तर व्याज. रिटर्न आयटीआर-२ मध्ये. आयटीआर-१ चालत नाही. 'बाकी उत्पन्न नाही, रिफंड मिळेल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. या पैशाला करमुक्त मर्यादाही नाही आणि ८०सी ची सूटही नाही.

मित्राचं तर मुळीच ऐकू नका. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. आता पैसे घेतंय ते अ‍ॅप बेकायदा. तिथून जिंकलेले पैसे बऱ्याचदा कुणातरी अनोळखी माणसाच्या खात्यातून येतात. ते फसवणुकीचे निघाले तर सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचं खातं गोठवते, आणि त्यात हे ७ लाखही अडकतात.

मोह कसा असतो ते मला विचारा. २०२३ च्या वर्ल्ड कपात मला दोन लाख लागले होते. काढले नाहीत, वॉलेटमध्येच ठेवले. पंधरा दिवसांत १ लाख ४० हजार गेले. तुम्ही काढून घेतलेत ते बरं केलंत, पण यूपीआय जोडलेल्या खात्यात ठेवू नका. एफडी करा, तीही शाखेत जाऊनच मोडता येईल अशी.

एफडी दोन बँकांत करा, कारण ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंतच असतं. आपल्याकडं गल्लोगल्ली सौहार्द सोसायट्या आणि पतसंस्था आहेत, व्याज जास्त देतात, ओळखीचा संचालकही निघतो. पण तिथल्या ठेवीला हा विमा नाही.

घरी सांगा, आधी एकालाच. मी थोरल्या दादाला सांगितलं ते हरल्यावर, म्हणून चार शिव्या जास्त खाल्ल्या. दहा लाखांचा आकडा मात्र तोंडातून काढू नका, पाहुण्यांत पोचायला एक जत्रा पुरते. सात लाख सांगा आणि एफडीला नॉमिनी म्हणून बायकोचं किंवा आईचं नाव त्याच दिवशी घाला.