उघडल्यापासूनची मुदत: क्रीम खवटते, फुटते की विटते?

प्रश्न: "क्रीमच्या डबीमागे उघड्या झाकणाचे चित्र असते आणि त्यात '12 एम' असे लिहिलेले असते. त्याला मराठीत काय म्हणावे? आणि क्रीम किंवा सीरम 'खराब झाले' याहून नेमका शब्द आपल्याकडे आहे का?"

चिन्हासाठी मी 'उघडल्यापासूनची मुदत' असे म्हणेन. 'उघडल्यानंतरची मुदत' हेही चुकीचे नाही, पण मोजणी कोणत्या क्षणी सुरू होते ते 'पासून' या शब्दाने अधिक स्पष्ट होते, आणि या चिन्हाचे सगळे मर्म त्या क्षणातच आहे. 'एम' हे महिन्याचे आद्याक्षर आहे, म्हणून '12 एम' म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. बोलताना आपण याला आणि छापील तारखेला एकच 'एक्सपायरी' हा शब्द वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. छापील तारखेसाठी 'वापरण्याची अंतिम तारीख' हा वेगळा शब्दप्रयोग ठेवावा. 'कालबाह्य' हा शब्द मात्र दोन्हींसाठी टाळावा, कारण मराठीत रूढी आणि कायदे कालबाह्य होतात. डबीतल्या मालाला 'मुदतबाह्य' हा शब्द अधिक शोभतो.

हे चिन्ह युरोपीय संघाच्या नियमांतून आले. 2003 च्या निर्देशाने ते ठरले आणि मार्च 2005 पासून तिथे लागू झाले. न उघडता तीस महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या मालावर तिथे अंतिम तारीख छापण्याची सक्ती नाही. तिच्या जागी ही उघडी डबी येते. आपल्याकडे 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वापरण्याची अंतिम तारीख, महिना आणि वर्ष या रूपात, छापावीच लागते. त्यामुळे आपल्या हाती येणाऱ्या पुष्कळ डब्यांवर दोन्ही मुदती असतात, आणि त्यांतली जी आधी संपेल ती खरी.

समजा, डबीवर फेब्रुवारी 2027 अशी तारीख आणि '12 एम' हे चिन्ह आहे. ती जून 2025 मध्ये उघडली तर जून 2026 मध्ये तिची मुदत संपली. छापील तारखेला आठ महिने उरले असले तरी त्यांचा आधार घेता येत नाही. तीच डबी ऑक्टोबर 2026 मध्ये उघडली तर चिन्हाप्रमाणे ऑक्टोबर 2027 पर्यंत चालायला हवी, पण छापील तारीख तिला फेब्रुवारीतच थांबवते. 'उघडणे' म्हणजे विकत घेणे नव्हे. झाकणाखालचा चंदेरी पापुद्रा सोलला, म्हणजे आतल्या मालाला बाहेरची हवा आणि आपले बोट लागले, तो दिवस. माझ्या घरी पापुद्रा सोलला की लगेच डबीच्या बुडावर न पुसणाऱ्या पेनाने तारीख लिहायची पद्धत आहे. पाच-सहा महिन्यांनी तो दिवस कोणालाही आठवत नाही, हा अनुभव आम्ही पुरेसा घेतला आहे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला अधिक मोलाचा वाटतो. 'खराब झाले' हा शब्द सगळ्यांना सरसकट लागू पडतो आणि म्हणून काहीच सांगत नाही. मराठी स्वयंपाकघराने बिघाडाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळे क्रियापद दिले आहे, आणि क्रीम हेही मुळात तेल आणि पाणी यांचे मिश्रण असल्याने ती क्रियापदे डबीला चपखल बसतात.

तेल बिघडते तेव्हा ते 'खवटते'. हवेतल्या प्राणवायूमुळे स्निग्ध पदार्थांचे हळूहळू विघटन होते आणि जुन्या खोबऱ्याला किंवा दिवाळीनंतर महिनाभर डब्यात राहिलेल्या चकलीला येतो तो वास येतो. चेहऱ्याला लावायच्या तेलात पाणी नसल्याने जंतू सहसा वाढत नाहीत, पण खवटपणा तिथे हमखास शिरतो. माझी एक बाटली खिडकीशी उन्हात राहिली होती. तिचे तेल दिसायला तसेच सोनेरी होते, पण थेंबभर मनगटावर चोळून नाकाशी नेले तेव्हा कपाटात जुन्या झालेल्या शेंगदाण्यांचा वास आला. थंड बाटलीत दबलेला वास त्वचेच्या उबेने वर येतो, म्हणून झाकण हुंगण्यापेक्षा ही परीक्षा भरवशाची आहे.

तेल आणि पाणी एकमेकांपासून सुटतात तेव्हा क्रीम 'फुटते'. दह्याला पाणी सुटावे तसे वर पातळ पाणी जमते किंवा कडेने तेलाची कड दिसते. असे क्रीम ढवळून पुन्हा एकजीव करू नये, कारण जंतूंना रोखणारे परिरक्षकही त्या दोन भागांत असमान वाटले गेलेले असते. इथे एका गैरसमजाबद्दल सांगायला हवे: शिया बटर असलेला बाम किंवा दाट क्रीम उन्हाळ्यात वितळून सावकाश थिजले की 'रवाळ' होते, कणीदार तुपासारखे. हा बिघाड नव्हे. स्निग्धाचे कण मोठे झालेले असतात एवढेच, आणि ते बोटांच्या उबेने विरघळतात. माझ्या मावशीने असा चांगला बाम नासला म्हणून फेकून दिला होता.

क जीवनसत्त्वाचे सीरम खवटतही नाही आणि फुटतही नाही. ते 'तांबूस पडते'. पाण्यात विरघळवलेले एस्कॉर्बिक आम्ल हवा, प्रकाश आणि उष्णता यांनी बदलत जाते, आणि रंगहीन किंवा फिकट पिवळे द्रव आधी गडद पिवळे, मग नारिंगी, शेवटी तपकिरी होते. तपकिरी सीरममध्ये जिच्यासाठी पैसे मोजले ती शक्ती फारशी उरलेली नसते, आणि त्वचेची जळजळही होऊ शकते. काही सीरमे मुळातच पिवळसर असतात, म्हणून तुलना पहिल्या दिवसाच्या रंगाशी करावी. ड्रॉपरमधला थेंब पांढऱ्या कागदावर टाकला की रंग नीट कळतो. अशा सीरमवर 'तीन एम' किंवा 'सहा एम' दिसले तर त्यामागे बहुधा हीच घाई असते.

राहिले 'विटणे' आणि 'बुरसणे'. शिजवून ठेवलेले वरण विटते तसे पाणी असलेले क्रीम जंतूंमुळे विटते: आंबूस वास येतो, पोत चिकट किंवा पातळ होतो. बुरशी आली तर झाकणाच्या आतल्या बाजूला काळे किंवा हिरवट ठिपके दिसतात, आणि वरचा थर काढून खालचे वापरणे हा त्यावर इलाज नाही. ओले बोट रुंद तोंडाच्या डबीत पुन्हा पुन्हा जाते तेव्हा परिरक्षकावर रोज नवा भार पडतो; पंपाच्या बाटलीत तो बराच कमी असतो.

मात्र विटण्यात आणि खवटण्यात एक फरक आहे. खवटलेले नाकाला कळते, फुटलेले डोळ्याला दिसते, पण जंतूंची वाढ पुष्कळ झाली तरी वास, रंग आणि पोत यांत काहीच फरक पडलेला नसू शकतो. म्हणून डोळ्यांभोवती लावायच्या क्रीमबाबत, वास उत्तम असला तरी, मी बुडावर लिहिलेल्या तारखेलाच मानते.